सर्व्हे रिपोर्टचा मराठी अनुवाद: किती पानांचे पैसे मोजायचे?

विम्याचा क्लेम मंजूर होतो तो सर्व्हेअरच्या अहवालावर, आणि तो अहवाल जवळपास नेहमी इंग्रजीत असतो. टेंभुर्णीसारख्या गावात हा प्रश्न वारंवार येतो. पुणे-सोलापूर महामार्ग इथूनच जातो, पंढरपूर आणि कुर्डुवाडीचे रस्ते इथे फुटतात, गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली रात्रंदिवस चालू असतात आणि औद्योगिक वसाहतीत लहानमोठे कारखाने आहेत. त्यामुळे गाडीचा अपघात किंवा गोदामाची आग झाली की कुणाच्या तरी हातात दहा-बारा इंग्रजी पानांचा गठ्ठा पडतो. गॅरेजवाल्याने 84 हजारांचं बिल केलेलं असतं आणि खात्यावर 62 हजार जमा होणार असं कळतं. मधले पैसे कुठे गेले, हे त्या पानांत लिहिलेलं असतं, पण वाचता येत नाही. मग माणूस ‘सगळं मराठीत करून द्या’ म्हणत अनुवाद करणाऱ्याकडे जातो. तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात, कारण सगळं मराठीत करण्याची गरज क्वचितच असते.

अनुवादाची किंमत ठरवायच्या आधी पणाला लागलेली रक्कम मोजा. एका साध्या मोटारीच्या क्लेमवर हे कसं करायचं ते पुढे दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

आधी अहवाल हातात घ्या

मोटारीच्या 50 हजारांच्या आणि इतर विम्याच्या 1 लाखाच्या वरच्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरनेच करायची असते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागण्याचा विमाधारकाला हक्क आहे. कंपनीला ईमेल करा किंवा एका ओळीचं पत्र द्या आणि त्यावर पोच घ्या. एजंटने फोटो काढून पाठवलेली पानं घेऊन अनुवादाला बसू नका. त्यात हटकून एखादं पान कमी असतं, आणि ते नेमकं शेरे असलेलं निघतं.

विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरची नेमणूक 24 तासांत व्हायला हवी, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. आपल्या खर्चाच्या दृष्टीने यातले शेवटचे 7 दिवस महत्त्वाचे आहेत. अहवाल आल्यावर अनुवादक शोधायला निघालात तर ‘अर्जंट’ म्हणून दीडपट दर लागतो. सर्व्हेअर गाडी बघून गेला त्याच दिवशी अनुवाद करणाऱ्याशी बोलून ठेवा.

एक क्लेम, ओळीओळीने

समजा, दीड हजार सीसीच्या आतली एक खासगी मोटार आहे. नोंदणी 12 मार्च 2022 ची आणि अपघात 20 नोव्हेंबर 2025 चा. टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी दुभाजकावर चढली आणि पुढचा भाग गेला. पॉलिसी साधी आहे, म्हणजे ‘झिरो डेप’ची जोड घेतलेली नाही.

सर्व्हेअरच्या तक्त्यात सुटे भाग चार गटांत पडतात, कारण घसारा भाग कशाचा बनला आहे त्यावर ठरतो. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी 50 टक्के कापतात. फायबरग्लासवर 30 टक्के. काचेवर काही नाही. उरलेल्या सगळ्या भागांवर, म्हणजे मुख्यतः पत्रा आणि लोखंडावर, गाडीच्या वयानुसार घसारा लागतो: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत 5, दोन वर्षांपर्यंत 10, तीनपर्यंत 15, चारपर्यंत 25, पाचपर्यंत 35, दहापर्यंत 40 आणि त्यापुढे 50 टक्के. आपली गाडी तीन वर्षं आठ महिन्यांची, म्हणून तिच्या पत्र्याला 25 टक्के लागू.

बॉनेट 9,000, डावा फेंडर 5,000, रेडिएटर 8,000 आणि लोअर आर्म 4,000 मिळून धातूचे भाग 26,000 चे झाले. त्यातून 6,500 घसारा गेला, उरले 19,500. पुढचा बंपर 6,000, ग्रिल 2,000 आणि हेडलाइट 8,000 मिळून प्लॅस्टिक 16,000 चं. त्याचं निम्मं गेलं, उरले 8,000. समोरची काच 7,000, ती पूर्ण धरली. म्हणजे 49,000 च्या भागांपैकी 34,500 मान्य झाले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 40,710.

मजुरी 10,000 ची, तिच्यावर घसारा नसतो. जीएसटीसह ती 11,800 होते. रंगकामाचं एकत्र बिल 12,000 चं आहे. रंगाचं साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवलेली नसेल तर एकूण रकमेचा 25 टक्के हिस्सा साहित्याचा मानतात आणि त्यावर 50 टक्के घसारा लावतात. इथे साहित्य 3,000 चं, म्हणून 1,500 कापले. उरलेले 10,500 जीएसटीसह 12,390 होतात.

तिन्हींची बेरीज 64,900. त्यातून काढून टाकलेल्या जुन्या भागांची भंगाराची किंमत 1,500 वजा आणि पॉलिसीतला सक्तीचा एक्सेस 1,000 वजा. हाती येतात 62,400.

गॅरेजचं बिल होतं 71,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 83,780. फरक 21,380 चा. तो नीट जुळतो का बघा: घसारा 16,000, त्या घसाऱ्यावरचा जीएसटी 2,880, भंगार 1,500, एक्सेस 1,000. जुळला. कुणी पैसे मारलेले नाहीत. पॉलिसी अशीच आहे. हे समजायला संपूर्ण अहवालाचा अनुवाद लागत नाही. तक्त्याच्या स्तंभांची शीर्षकं आणि शेवटचा गोषवारा कळला की पुरतं.

अनुवादाचा खर्च कसा बनतो

इंग्रजीतून मराठीसाठी शब्दामागे दीड ते तीन रुपये हा दर सर्रास ऐकू येतो. एकट्याने काम करणारा अनुवादक खालच्या बाजूला असतो, पुण्यातली एजन्सी वरच्या बाजूला, आणि ती जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर 18 टक्के लावते. दर शब्दावर ठरवा, पानावर ठरवू नका. सर्व्हे रिपोर्टच्या एका पानावर कधी चारशे शब्द असतात, कधी फक्त गाडीचे चार फोटो. पानाच्या दराने फोटोच्या पानांचेही पैसे जातात. आकड्यांना शब्द म्हणून मोजणार का, हेही आधीच विचारा. तक्त्यात निम्म्या चौकटींत नुसते आकडे असतात, आणि ते जसेच्या तसे उतरवायचे असतात.

वरच्या क्लेमचा अहवाल फोटो सोडून साधारण 1,600 शब्दांचा धरू. दर दोन रुपये. सगळ्याचा अनुवाद 3,200 चा. दोन पानी तक्ता मूळ मांडणीत पुन्हा बसवण्याचे 400. चार दिवसांत हवा म्हणून निम्मा जादा आकार, 1,600. वर ‘सर्टिफाइड पाहिजे’ म्हणून अनुवादकाचं प्रमाणपत्र आणि नोटरीचा शिक्का यांचे मिळून 500 धरा. एकूण 5,700.

आता या क्लेममध्ये चूक झाली असती तर ती केवढी असती? समजा, उत्पादनाचं वर्ष 2021 बघून कुणी गाडीला चार वर्षांच्या वर धरलं आणि पत्र्याला 25 ऐवजी 35 टक्के लावले. 26,000 वर 10 टक्के म्हणजे 2,600, जीएसटीसह 3,068. अशी चूक पकडायला 5,700 रुपये घालवणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

म्हणून लहान क्लेमला तुकड्यानेच अनुवाद करून घ्या. अपघाताचं कारण आणि पाहणी, सुमारे 250 शब्द. गोषवारा, 100 शब्द. सर्व्हेअरचे शेरे आणि अटी, 350 शब्द. तक्त्याची शीर्षकं आणि शेऱ्याचा रकाना, 100 शब्द. एकूण 800 शब्द, 1,600 रुपये. सुट्या भागांची नावं मराठीत करायची गरज नाही. बंपर, बॉनेट, फेंडर हे शब्द टेंभुर्णीतल्या प्रत्येक गॅरेजात रोज बोलले जातात. त्यांच्यासाठी नवे मराठी शब्द घडवले तर वाचणाऱ्याला भाग ओळखता येत नाही आणि गॅरेजच्या बिलाशी ताळाही बसत नाही.

याहून स्वस्त वाटही आहे. इंग्रजी वाचणाऱ्या आणि व्यवहार समजणाऱ्या माणसाला, टॅक्सचं काम करणाऱ्या ऑफिसातल्या किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या कुणाला तरी, तासभर सोबत बसवा. त्याने वाचत जायचं आणि आपण मूळ प्रतीवरच पेन्सिलने मराठीत लिहून घ्यायचं. 50-60 हजारांच्या क्लेमला माझ्या मते हीच योग्य पद्धत आहे. त्या माणसाच्या तासाचे पैसे मात्र प्रामाणिकपणे द्या.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘अहवाल वाचून देतो, क्लेम वाढवून देतो’ म्हणत मिळणाऱ्या रकमेचा टक्का मागणाऱ्याशी करार करू नका. 62,400 वर 10 टक्के म्हणजे 6,240, म्हणजे नोटरीसकट संपूर्ण अनुवादाहूनही जास्त. आणि ती रक्कम तशीही मिळणारच होती.

अनुवाद चुकला हे कसं ओळखायचं

तक्त्यातला सगळ्यात फसवा शब्द ‘निल’ आहे. घसाऱ्याच्या रकान्यात ‘निल’ असेल तर काहीच कापलं नाही, म्हणजे आपल्या फायद्याचं. मान्य रकमेच्या रकान्यात ‘निल’ असेल तर त्या भागाला एक रुपयाही धरलेला नाही. दोन्ही ठिकाणी अनुवादक ‘निरंक’ लिहून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याला कळत नाही. नुसती आडवी रेघ किंवा ‘लागू नाही’ याचा अर्थ तिसराच असतो. मराठी प्रतीत प्रत्येक रकान्याचं शीर्षक पूर्ण लिहून घ्या: ‘गॅरेजने मागितलेली रक्कम’, ‘सर्व्हेअरने धरलेली रक्कम’, ‘घसाऱ्याचा टक्का’, ‘घसारा वजा जाता रक्कम’. पहिल्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली तर सगळा हिशेब उलटा दिसतो. तपासणी सोपी आहे: मागितलेली रक्कम धरलेल्या रकमेहून कमी दिसली तर शीर्षकं फिरली आहेत असं समजा.

दुसरा गोंधळ ‘डेप्रिसिएशन’चा. मोटारीच्या कागदांत दोन वेगवेगळे घसारा तक्ते असतात. एक वर सांगितलेला, सुट्या भागांचा. दुसरा आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसी काढताना गाडीची विम्यासाठीची किंमत ठरवण्याचा. त्यात सहा महिन्यांपर्यंत 5, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50 टक्के अशी उतरंड आहे. तीन ते चार वर्षांच्या गाडीला भागांच्या तक्त्यात 25 आणि आयडीव्हीच्या तक्त्यात 40 टक्के लागतात. अनुवादात दोन्हीकडे नुसतं ‘घसारा’ आलं की माणूस ‘एकीकडे 25, दुसरीकडे 40, फसवणूक झाली’ म्हणून तक्रार ठोकतो आणि ती तिथेच पडते. आयडीव्हीचा आकडा कामाला येतो तो गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली तर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात आणि भागांचा तक्ता बाजूला पडतो. म्हणून अनुवादकाला सांगा: एकाला ‘सुट्या भागांचा घसारा’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘विमा किंमत ठरवण्याचा घसारा’.

तिसरी जागा शेऱ्यांची. अहवाल बहुधा ‘विदाउट प्रेज्युडिस’ या शब्दांनी सुरू होतो किंवा संपतो. त्याचा अनुवाद ‘पूर्वग्रह न ठेवता’ असा केलेला आढळतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, सर्व्हेअरने निःपक्षपाती असल्याची ग्वाही दिली. खरा अर्थ ‘कुणाचाही हक्क न सोडता’ असा आहे. सर्व्हेअरने रक्कम काढली म्हणून कंपनीने ती देण्याचं कबूल केलं असं होत नाही. ‘पॉलिसीच्या अटींना अधीन’ हे शब्दही तेच सांगतात. शेऱ्यांत ‘जुनं नुकसान’ किंवा ‘झीज’ असं कुठे लिहिलं असेल तर ती ओळ शब्दशः मराठीत हवी, कारण त्या दोन शब्दांवर एखाद्या भागाची पूर्ण रक्कम गेलेली असते.

बेरजा स्वतः करा. अनुवादकाने आकडे टाइप केले की एखादं शून्य किंवा स्वल्पविराम हलतो. मराठी प्रतीतल्या प्रत्येक रकान्याची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मूळ प्रतीतल्या बेरजेशी जुळवा. दोन्ही जुळल्या तर अनुवाद आकड्यांपुरता बरोबर. मूळ प्रतीतलीच बेरीज चुकली असेल तर तो वेगळा शोध, आणि तो आपल्या कामाचा. अनुक्रमांक आणि पान क्रमांक मूळचेच ठेवायला सांगा. उद्या कंपनीला ‘पान 5, अनुक्रमांक 7’ असं लिहायचं आहे.

हरकत कुठे घ्यायची

सगळीकडे भांडण्यात अर्थ नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर 50 टक्के कापले म्हणून पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ते पॉलिसीतच आहे. बोलण्यासारखी जागा म्हणजे भाग कुठल्या गटात टाकला ती. हेडलाइट हे त्याचं नेहमीचं उदाहरण. हल्लीच्या गाड्यांची हेडलाइट बहुधा प्लॅस्टिकची असते आणि सर्व्हेअर 50 टक्के कापतो. ते रास्त आहे. पण जुन्या गाडीची खरोखर काचेची असेल तर काचेला घसारा नाही. तुटलेला भाग गॅरेजात असतानाच त्याचा फोटो काढा. भंगारात गेल्यावर काहीच सिद्ध होत नाही.

गाडीचं वय ही दुसरी जागा. ते कोणत्या तारखेपासून मोजलं, हे सर्व्हेअरला लेखी विचारा आणि नोंदणीचं पुस्तक व खरेदीचं बिल सोबत जोडा. तिसरी जागा पॉलिसीची. ‘झिरो डेप’ची जोड घेतलेली असूनही अहवालात घसारा लावलेला असेल, तर पॉलिसीचं शेड्यूल जोडून लगेच लिहा. टायर-बॅटरीसारख्या काही गोष्टी त्या जोडीतूनही वगळलेल्या असू शकतात, म्हणून ती जोड कशाकशाला लागू आहे तेवढी एक अट मराठीत करून घ्या. अनुवादावर खर्च झालेल्या शंभर-दोनशे रुपयांचं मोल याहून जास्त दुसरीकडे कुठे मिळत नाही. आपल्या नमुन्याच्या क्लेममध्ये ती जोड असती तर 16,000 चा घसारा आणि त्यावरचा जीएसटी वाचला असता.

कारखान्याचा किंवा गोदामाचा क्लेम असेल तर

इथे हिशेब बदलतो आणि माझा सल्लाही बदलतो. टेंभुर्णीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटला आग लागली तर अहवाल 30-40 पानांचा होतो आणि घसाऱ्याचा ठरलेला तक्ता नसतो. यंत्राचं अपेक्षित आयुष्य किती, वापर किती झाला, देखभाल कशी होती, यावर सर्व्हेअर टक्का ठरवतो आणि त्याचं कारण लिहितो. ते कारण म्हणजेच पैसा. पॉलिसी बाजारभावाची आहे की नव्याने उभं करण्याच्या खर्चाची, यावर तर घसारा लागणार की नाही हेच ठरतं.

त्यापुढे येते कमी विम्याची कपात. समजा, आगीच्या दिवशी गोदामात 40 लाखांचा माल होता, विमा 30 लाखांचाच काढलेला होता आणि जळाला 8 लाखांचा. कंपनी 8 लाख देत नाही. 30 भागिले 40 या प्रमाणात 6 लाख देते. 2021 पासून चालू असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो, पण इथली तूट 25 टक्के आहे. या 2 लाखांचा सगळा खेळ ‘त्या दिवशी माल किती होता’ या एका आकड्यावर असतो. सर्व्हेअरने तो 40 लाख कसा काढला, स्टॉक रजिस्टरवरून, जीएसटीच्या विवरणांवरून की बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून, ते परिशिष्टात असतं. बँकेकडून जास्त कर्जमर्यादा मिळावी म्हणून फुगवलेलं स्टॉक स्टेटमेंट इथे उलटतं. त्याच कागदामुळे माल जास्त ठरतो आणि कपात वाढते.

अशा क्लेममध्ये 12,000 शब्दांचा संपूर्ण अनुवाद 30-36 हजारांना पडला तरी तो करून घ्या. मात्र अनुवादकासोबत आपल्या लेखापालालाही बसवा. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, त्याने केलेला परिशिष्टांचा अनुवाद भाषेने बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

शिक्का कधी लागतो

‘सर्टिफाइड’ अनुवादावर लोक विनाकारण खर्च करतात. विमा कंपनीला तिच्याच सर्व्हेअरच्या इंग्रजी अहवालाचा मराठी अनुवाद नको असतो. सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीत तरी मूळ इंग्रजी अहवालच जोडायचा असतो आणि तिथे तो वाचला जातो. मराठी प्रत आपल्या समजण्यासाठी असते, तिला शिक्क्याची गरज नाही. शिक्का लागतो तो उलट्या दिशेला. टेंभुर्णी पोलिसांचा मराठी पंचनामा किंवा फिर्याद परराज्यातल्या कार्यालयाला किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाला द्यायची असेल तर इंग्रजी अनुवाद आणि तो बरोबर असल्याचं प्रमाणपत्र मागितलं जातं. तो खर्च वेळ आल्यावरच करा.

सही करायच्या आधी

कंपनी डिस्चार्ज व्हाउचर पाठवते. त्यावर ‘पूर्ण आणि अंतिम भरपाई’ असं असतं. ते अर्धं पान मराठीत करून घेतल्याशिवाय सही करू नका, त्याला फारसा खर्च येत नाही. आयआरडीएआयने 24 सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की असं व्हाउचर दिल्याने विमाधारकाचा जास्त रकमेसाठी दाद मागण्याचा हक्क संपत नाही. तरीही सहीजवळ ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं मराठीत स्पष्ट लिहा आणि त्याची प्रत ठेवा.

सर्व्हेअरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगितलं आहे. अहवाल हा क्लेम ठरवण्याचा पाया आहे, पण तो कंपनीलाही बांधून ठेवत नाही आणि विमाधारकालाही. तेव्हा हरकत घ्यायची तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. पत्र मराठीत असलं तरी चालेल. त्यात पान, अनुक्रमांक, लावलेला टक्का, लागू व्हायला हवा तो टक्का आणि फरकाची रक्कम एवढंच असू द्या. आयआरडीएआयच्या 155255 या क्रमांकावर किंवा ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा मिळू शकतो. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, आणि भरलेला हप्ता 5 लाखांच्या आत असेल तर तिथेही फी नाही.

नमुन्याच्या क्लेमसारखी 3,068 रुपयांची चूक असेल तर आधी कंपनीला पत्र लिहून थांबा. आकडेमोड स्पष्ट असेल तर अशा चुका बऱ्याचदा त्याच पातळीवर दुरुस्त होतात आणि पोस्टाचा खर्च सोडला तर काही लागत नाही. पुण्याच्या खेपा घालायच्या त्या हेडलाइटच्या चार हजारांसाठी नव्हेत, कमी विम्याच्या दोन लाखांसाठी.